संशयाचे सव्वीस दिवस
एआयच्या आरोपाखाली आलेला विद्यार्थी, त्याचे मन आणि कॉलेजची चौकशी

गेल्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, आर्वी तालुक्यातील एक आई आमच्याकडे आली. तक्रार पोटाची होती, तीही स्वतःची नव्हे, मुलीची. "ताई, पोरगी जेवत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल पाहत बसते. अॅसिडिटीच्या गोळ्या देऊन पाहिल्या, काही फरक नाही." मुलगी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, अर्थशास्त्र घेऊन शिकणारी. घरातली पहिलीच पदवीधर. दुसऱ्या दिवशी ती एकटी आली तेव्हा पोटदुखीचे मूळ कळले. कॉलेजने तिच्यावर आरोप ठेवला होता की तिचा प्रोजेक्ट तिने नाही, एआयने लिहिला.

कॉलेजचे नाव आम्ही देत नाही, कारण हे एका कॉलेजपुरते राहिलेले नाही. पण तिचे जे सव्वीस दिवस गेले ते मात्र सविस्तर सांगतो. अशा चौकशीत मुलांचे नुकसान बऱ्याचदा शिक्षेने होत नाही. ते निकाल लागण्याआधीच्या दिवसांत होते.

सुरुवात वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर झाली. चार रोल नंबर आणि खाली एक ओळ : यांच्या प्रोजेक्टमध्ये एआय आढळले आहे, विभागात भेटावे. शनिवारी सायंकाळी हा संदेश आला आणि विभाग उघडणार होता सोमवारी. त्या दीड दिवसात वर्गातल्या साठ जणांना कळले होते, फक्त तिला काय आरोप आहे ते नीट कळले नव्हते. सोमवारी तिला संगणकावर एक आकडा दाखवला गेला, 74 टक्के. "कबुली लिहून दे, मिटवून टाकू," असे सांगण्यात आले. तिने लिहून दिले नाही. मग "समिती बसेल" एवढेच उत्तर मिळाले. केव्हा बसेल, समितीत कोण असेल, काय विचारतील, याचा एकही कागद नाही. अंतर्गत गुण थांबवले गेले आणि परीक्षेचा फॉर्म भरण्याची तारीख जवळ येत होती.

आता तिने नेमके काय केले होते ते पाहा. गावातल्या बचत गटातील 22 बायकांना भेटून तिने प्रश्नावली भरून घेतली होती. प्रकरणे मराठीत, वहीत लिहिली होती. मग एकेक परिच्छेद मोबाईलवर भाषांतराच्या अॅपमध्ये टाकून इंग्रजी करून घेतला आणि व्याकरण सुधारणाऱ्या दुसऱ्या अॅपमधून काढला. प्रोजेक्ट इंग्रजीत हवा होता आणि बी.ए.पर्यंत ती मराठी माध्यमात शिकली होती. भाषांतराचे अॅप वापरायचे नाही, असे वर्षभरात कोणी सांगितले नव्हते. वापरायचे असेल तर तसे लिहून द्या, असेही कोणी सांगितले नव्हते.

हा 74 चा आकडा येतो कुठून, हे आमच्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे, कारण घरच्या माणसांनाही तो रक्ततपासणीच्या रिपोर्टसारखा पक्का वाटतो. तसा तो नाही. ही तपासणीची साधने मजकूर वाचून एक अंदाज बांधतात : पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, वाक्यांची ठेवण किती एकसारखी आहे. एआय सरळ, अपेक्षित शब्द निवडते, म्हणून असा मजकूर दिसला की साधन संशय घेते. पण इंग्रजी नंतर शिकलेला विद्यार्थीही तेच करतो. त्याच्याजवळ शब्द मोजके असतात, गाईडमधली ठराविक वाक्यरचना तो वापरतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये सात साधने तपासून पाहिली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले. हे सगळे निबंध माणसांनीच लिहिलेले होते. तरी साधनांनी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरवले. तिथल्याच आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांच्या वाट्याला हा संशय जास्त येतो, तो असा.

दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी 2023 मध्ये असे एक ओळख-साधन काढले होते. कंपनीने स्वतः सांगितलेले त्याचे आकडे असे होते : एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी 26 टक्के ते ओळखते आणि माणसाने लिहिलेल्यापैकी 9 टक्के चुकून एआयचा ठरवते. समजा एका विद्यापीठात 1000 प्रोजेक्ट आले आणि त्यांतले 100 खरोखर एआयने लिहिलेले आहेत. साधन त्यांतले 26 पकडेल. उरलेल्या 900 प्रामाणिक मुलांपैकी 81 जणांवर बोट ठेवेल. म्हणजे पकडलेल्या 107 पैकी 81 निर्दोष. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने अचूकता कमी म्हणून ते साधन बंद केले. आजची साधने त्यापेक्षा बरी असतील, पण विकणाऱ्या कंपन्याही सांगतात की केवळ या आकड्यावर विद्यार्थ्याला दोषी धरू नका. आम्ही दवाखान्यात काम केले आहे. तापाच्या रोग्याची पट्टीवरची झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून डॉक्टर इतर काही न बघता महिनाभराचे उपचार सुरू करत नाहीत. ते रोग्याला तपासतात, दुसरी चाचणी करतात. आकडा पाहून चौकशी सुरू करायला हरकत नाही. निकाल मात्र त्यावर लावता येत नाही.

या वादात कोर्टापर्यंत गेलेले एक प्रकरण आपल्याकडे झाले आहे. हरियाणातील सोनीपतच्या ओ. पी. जिंदल विद्यापीठात एक वकील एलएलएम करत होता. मे 2024 च्या परीक्षेतील त्याचे उत्तर 88 टक्के एआयचे आहे असे टर्निटिन या साधनाने दाखवले आणि विद्यापीठाच्या समितीने त्याला त्या विषयात नापास केले. तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेला. एआय वापरू नका असा स्पष्ट नियमच नव्हता आणि दुसरा काही पुरावाही नाही, हे त्याचे मुख्य मुद्दे होते. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने विद्यापीठाकडे उत्तर मागितले. त्यानंतर विद्यापीठाने आपला निर्णय मागे घेतला आणि याचिका निकाली निघाली. त्यामुळे एआयच्या मूळ प्रश्नावर न्यायालयाचा निवाडा झाला नाही. तो विद्यार्थी स्वतः वकील होता, त्याला दार कुठले ठोठवायचे ते माहीत होते. हिंगणघाटच्या किंवा पुलगावच्या पोरीला ते माहीत नसते.

आता मुलीच्या तब्येतीकडे येतो. पहिल्या आठवड्यात तिला झोप लागत नव्हती, लागली तर पहाटे तीनला छातीत धडधड होऊन जाग येत होती. पोटात गोळा, तोंडाला कोरड, हातपाय गार. दुसऱ्या आठवड्यात तिने वर्गात जाणे सोडले. तिसऱ्या आठवड्यात एक नवीन गोष्ट दिसली : तिला लिहिताच येईना. साधा अर्ज लिहायला बसली तरी एक वाक्य लिहायची, खोडायची. "हे वाक्य जास्तच चांगलं झालं का ताई? मशीन पकडेल का?" असे विचारायची. ज्याच्या लिहिण्यावर अविश्वास दाखवला गेला तो स्वतःच्याच लिहिण्यावर अविश्वास ठेवू लागतो. हे लक्षण पालकांना आळस वाटते आणि शिक्षकांना अपराधाची खूण वाटते.

यात आमच्या समाजातील मुलांसाठी आणखी एक थर आहे. "कोट्यातून आली" हे शब्द तिने बी.ए.पासून ऐकले होते. आरोप आला तेव्हा तिला वाटले की लोक आधीपासून जे म्हणत होते त्यावर आता मशीनने शिक्का मारला. त्यात शिष्यवृत्तीची काळजी. गुण थांबले तर निकाल थांबतो, निकाल थांबला तर महाडीबीटीवरचा पुढचा अर्ज अडतो, आणि खोलीचे भाडे त्याच पैशावर. घरी सांगावे तर बापाने शेतमजुरी करून शिकवले, त्याला काय वाटेल? म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प राहणाऱ्याची बाजू चौकशीत आपोआप कमजोर होते.

आम्ही तिला थेट विचारले, "जीव नकोसा होतो का? मरून जावं असं मनात येतं का?" पुष्कळ लोक हा प्रश्न टाळतात, विचारले तर कल्पना सुचेल अशी भीती वाटते. तसे होत नाही. विचारल्याने माणूस मोकळा होतो आणि धोका किती आहे ते आपल्याला कळते. तिने खाली मान घालून सांगितले, एकदा आले होते. मग आईला विश्वासात घेतले. फवारणीचे औषध घरातून हलवून कुलूपबंद केले. काही दिवस तिला रात्री एकटे झोपू दिले नाही, आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवले. सावंगीच्या रुग्णालयातही हा विभाग आहे. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येते. ज्या मुलाने आपल्या वस्तू वाटून टाकल्या, अचानक निरोपाची भाषा सुरू केली, किंवा बरेच दिवस तळमळून एकाएकी फार शांत झाला, त्याच्याजवळून त्या वेळी हलू नका.

तिला झोप लागू लागल्यावर कागदाकडे वळलो. हा क्रम आम्ही मुद्दाम पाळला, कारण तीन रात्री न झोपलेल्या पोरीला धड जबाब देता येत नाही. अर्जात चारच गोष्टी मागितल्या : साधनाच्या पूर्ण अहवालाची प्रत, कोणत्या परिच्छेदांवर आक्षेप आहे, कोणता नियम मोडला, आणि समितीपुढे बोलताना सोबत एक माणूस बसू देण्याची परवानगी. पोचपावती घेतली. तिने मराठीतली वही, भरलेल्या 22 प्रश्नावल्या आणि मोबाईलवरील टाइप केलेल्या फाइली जमवल्या. ज्यांनी गुगल डॉक्समध्ये लिहिले असेल त्यांना तर Version history मध्ये मजकूर कोणत्या दिवशी, किती वाजता, कसा वाढत गेला ते दाखवता येते. आमची पोरांना विनंती आहे की काम संपले म्हणून कच्चे कागद रद्दीत देऊ नका.

समिती चोविसाव्या दिवशी बसली. दहा-बारा मिनिटे ती अडखळत होती. मग एका बाहेरून आलेल्या मॅडमनी मराठीत विचारले, "22 च बायका का घेतल्या? गटात तर 25 आहेत." ती म्हणाली, "तिघी कापूस वेचायला दुसऱ्या गावी गेल्या होत्या मॅडम. दोनदा गेली, भेटल्या नाहीत." त्यानंतर ती थांबलीच नाही. कोणत्या बाईने कर्ज कशासाठी घेतले, कोणी परत केले, हे सगळे बोलली. सव्विसाव्या दिवशी गुण लागले आणि भाषांतरासाठी कोणते अॅप वापरले याचे अर्धे पान प्रोजेक्टला जोडायला सांगितले. ते योग्यच होते. ज्या मॅडमनी तो प्रश्न विचारला त्यांचे आम्हाला आजही कौतुक वाटते.

हाच प्रश्न पहिल्या सोमवारी विचारता आला असता. कॉलेजांना आमचे पहिले सांगणे हेच आहे की आकडा दिसल्यावर आधी विषयशिक्षकाने बंद खोलीत, मुलाला सोयीच्या भाषेत, त्याच्या कामाबद्दल बोलावे. ज्याने काम केले आहे त्याला आपण काय निवडले, काय सोडले, कुठे अडलो ते सांगता येते. ज्याने केले नाही त्याला पुस्तकी व्याख्या येतात, पण स्वतःच्या अडचणी येत नाहीत. यालाही मर्यादा आहे. घाबरलेल्या मुलाचे डोके रिकामे होते आणि खरे काम केलेलाही गप्प बसतो. म्हणून विषय आदल्या दिवशी सांगावेत, पाणी द्यावे, पहिली पाच मिनिटे सोप्या गोष्टी विचाराव्यात, आणि एका बैठकीत जमले नाही तर दुसरी द्यावी. जुन्या हस्तलिखित उत्तरपत्रिका काढून भाषा ताडून पाहता येते. मात्र परीक्षेत घाईने लिहिलेले आणि घरी महिनाभर घोटलेले सारखे नसते, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतरही शंका उरली तर रीतसर चौकशी करावी. यूजीसीचे 2018 चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम आहेत. ते प्रामुख्याने प्रबंध, शोधनिबंध अशा लेखनातील दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणीबद्दल आहेत. दहा टक्क्यांपर्यंत जुळणीला शिक्षा नाही, साठच्या वर गेली तर नोंदणी रद्द, अशा त्यात पायऱ्या आहेत. काही ठिकाणी एआयचा आकडा उचलून याच पायऱ्यांवर बसवतात. ही चूक आहे. जुळणीच्या अहवालात मूळ मजकूर समोर ठेवून पडताळता येतो. एआयच्या आकड्यामागे असे पडताळायला काहीच नसते. त्या नियमांतली घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे : विभागाच्या समितीत एक सदस्य विभागाबाहेरचा असतो, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळायची असतात आणि 45 दिवसांची मुदत असते. आमच्या मते ज्याचा परीक्षा फॉर्म अडकला आहे त्याच्यासाठी 45 दिवसही फार झाले. दोन आठवड्यांत हे काम होऊ शकते.

चौकशी चालू असताना मुलाचे वर्ग, वाचनालय, वसतिगृह, परीक्षा फॉर्म यांतले काहीही थांबवू नये. गुण तात्पुरते राखून ठेवावे लागले तर "चौकशी प्रलंबित" एवढीच नोंद असावी आणि शिष्यवृत्तीच्या कामाला कॉलेजने पत्र द्यावे. नोटीस मुलाच्या हातात, लेखी, मराठीतही द्यावी. ग्रुपवर टाकू नये. शनिवारी सायंकाळी किंवा सुटीच्या तोंडावर देऊ नये, कारण मग विचारायला कोणी नसते. नोटिशीत तारीख, समितीतील नावे आणि अडचण आली तर ज्यांना फोन करता येईल अशा एका व्यक्तीचा क्रमांक असावा. "कबुली दिली तर मिटवू" हे वाक्य कोणी उच्चारू नये. भीतीपोटी दिलेली कबुली पुरावा म्हणून निरुपयोगी असते आणि मुलाच्या मनात मात्र आयुष्यभर राहते.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, टेली-मानससारखे क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात मोठ्या अक्षरांत लावावेत, आणि वंचित समाजातून आलेल्या मुलांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असे त्यात आहे. तुमच्या कॉलेजच्या भिंतीवर तो क्रमांक दिसतो का, एकदा पाहून या. समुपदेशक असेल तर तो चौकशी समितीत बसलेला नसावा. त्याच्याजवळ मुलाने काय सांगितले ते समितीला कळता कामा नये, जीवाला धोका असेल तेवढा अपवाद. समुपदेशक समितीत बसला की मुले खरे बोलणे थांबवतात.

कोणी म्हणेल, तुम्ही फक्त निर्दोष मुलीचे सांगता. ज्यांनी खरोखर सगळे एआयकडून लिहून घेतले त्यांचे काय? त्या ग्रुपवरच्या चार नंबरांपैकी एका मुलाने आमच्याजवळ कबूल केले की त्याने तसेच केले होते. दिवसा पेट्रोल पंपावर काम आणि रात्री अभ्यास, शेवटच्या दोन दिवसांत त्याने हात टेकले. त्याला प्रोजेक्ट पुन्हा करायला लावला, ते बरोबरच झाले. पण सव्वीस रात्री तोही झोपला नव्हता, आणि त्याच्या जीवाला तेवढाच धोका होता. चुकीची शिक्षा आधी सांगितलेली, चुकीएवढी आणि एकदाच संपणारी असावी. निकालाच्या दिवशी, विशेषतः निकाल विरुद्ध गेला तर, मुलाला एकट्याला घरी पाठवू नये.

निकाल मान्य नसेल तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यानंतर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. समितीत अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील एक जण आणि एक महिला असावी असे त्या नियमांत आहे. समिती खरोखर तशी आहे का, हे विचारण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे.

आमच्या त्या मुलीने गुण लागल्यावर एक अर्ज आणखी केला. आरोप सिद्ध झाला नाही असे लेखी द्या आणि ज्या ग्रुपवर रोल नंबर टाकला होता त्याच ग्रुपवर तसे कळवा. लेखी पत्र मिळाले, ग्रुपवर अजून काही आलेले नाही. तिने अर्जाची प्रत आमच्याकडे ठेवायला दिली आहे. अर्ज तिनेच लिहिला होता, मराठीत, एकाही ठिकाणी खाडाखोड न करता.